नफ्याचा चौथा हिस्सा, वर चिमूटभर

ते पान फार स्वच्छ होतं. आम्हा ऑडिटवाल्यांना स्वच्छ पान दिसलं की बरं वाटतं, आणि तिथेच आम्ही फसतो. मीही फसले होते. पाच वर्षांपूर्वी त्याच पानावर मी हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली होती आणि खाली माझी आद्याक्षरं घातली होती. अजून आहेत.

कंपनी जळगावची, प्लॅस्टिकच्या चटया करणारी. एक कारखाना जळगावच्या एमआयडीसीत, दुसरा धुळ्यात. जळगाव थोरले शेठ बघायचे, धुळे धाकटे. मालकी निम्मी-निम्मी. दोघं भाऊ एकमेकांना 'आपण' म्हणायचे आणि एकमेकांचं काहीही मानायचे नाहीत.

पानावर काय असायचं ते सांगते. कंपनीचा नफा समजा आठ कोटी. कराचा दर पंचवीस पूर्णांक एकशे अडुसष्ट सहस्रांश टक्के. गुणाकार केला की दोन कोटी एक लाखाच्या आसपास कर येतो. पण पुस्तकात लागलेला कर सहसा तेवढाच नसतो. काही खर्च आयकर खातं मानतच नाही. दंड भरला, समाजकार्याला कायद्याने द्यावा लागतो तो पैसा दिला, मालकाच्या घरचा खर्च कंपनीत घातला, तर त्यावर सूट नाही आणि पुढेही कधी मिळायची नाही. म्हणून नफ्यापासून निघायचं, असा एकेक खर्च ओळीने धरायचा आणि पुस्तकातल्या कराच्या आकड्यापर्यंत चालत यायचं. या मापाच्या कंपनीला हे पान छापायची सक्ती नाही. पण धाकट्या शेठनी भावाशी केलेल्या करारात ते लिहून घेतलं होतं. दर वर्षी ते पान धुळ्याला जायचं. थोरले घरचा खर्च कंपनीत किती घालतात ते त्यांना त्या ओळींतून बघायचं होतं.

दुसरा भाग स्थगित कराचा. ऑफिसात सगळे डिफर्ड टॅक्सच म्हणतात. आमच्या पुस्तकात मशीन हळू झिजतं, आयकराच्या हिशोबात भराभर झिजतं. म्हणून आज कर कमी भरावा लागतो, आणि वाचलेला पुढे कधीतरी भरावाच लागतो. तो पुढचा बोजा आजच ताळेबंदात लिहून ठेवायचा. ग्रॅच्युइटीचं उलटं. तरतूद आज करायची, पण करात सूट माणसाच्या हातात पैसे पडतील त्या वर्षी. तेवढ्यापुरता बोजा हलका.

हे सगळं जे गृहस्थ करायचे त्यांना सगळे नाना म्हणायचे. नशिराबादचे. कंपनीत चौतीस वर्षं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि टेबलावर कुणी हात ठेवला तर लगेच फडक्याने पुसणार.

मी पहिल्यांदा त्या ऑफिसात गेले तेव्हा आर्टिकल होते, म्हणजे सीएची शिकाऊ. घर यावल तालुक्यात. वडील सावद्याला केळीच्या गाड्या भरायचे. खांद्यावर घड, दिवसाला मोजून पैसे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणीही न विचारता सांगायचे. त्या दिवशीही सांगितलं. नानांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "असं? घड भरणाऱ्याची पोर का? मग मोजायला बरी. विचार करायची घाई करू नको. तुमच्यात अजून कुणी केलेला नाही."

सगळे हसले. शिपाईसुद्धा. मला खुर्ची दिली नव्हती. दाराजवळ व्हाउचरच्या खोक्यावर बसवलं होतं. वडील त्या वेळी माझ्या फीसाठी दुप्पट गाड्या भरत होते. मी व्हाउचर मोजू लागले. लक्षात मात्र ठेवलं.

त्या खोक्यावर बसले असतानाच थोरले शेठ आत आले. नानांनी कराचं पान तयार केलं होतं. शेठनी ते उभ्याउभ्याच वाचलं. मग म्हणाले, "नाना, एवढ्या ओळी कशाला? धाकट्याला वाचायची सवय लागेल. बंगल्याचा खर्च, दंड, सगळं मांडून ठेवता. एकच धरा. नफ्याचा चौथा हिस्सा, वर चिमूटभर. संपलं."

नाना म्हणाले, "शेठ, तसं येत नाही ते."

"येत नाही म्हणजे? आणा. एवढी वर्षं काय शिकलात?"

शेठ गेले. दुसऱ्या दिवशी नवीन पान आलं, तीन ओळींचं. नफा, दर, कर. पुस्तकातला कर आणि गुणाकाराचा कर रुपयाला रुपया सारखे. मी विचारलं, "नाना, त्या बाकीच्या ओळी?"

"बठ्ठं बराबर शे," नाना म्हणाले. म्हणजे सगळं बरोबर आहे. "तू खूण कर आणि व्हाउचर मोज."

मी खूण केली. माझ्या समोर शेठ बोलले होते ते मला पूर्ण कळलं नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. कळलं होतं. निम्मं तरी.

पुढे मी सीए झाले. निकालाच्या दिवशी वडिलांनी सावद्याच्या बाजारात हमालांना चहा पाजला, आणि एकाने विचारलं, "मग आता पोरगी काय करते?" तर म्हणाले, "मोठ्यांच्या चुका काढते." आमच्या फर्ममध्येच मला मॅनेजर केलं. फर्म जळगावची जुनी, सर एकटे सही करणारे. चटयांची कंपनी आमच्याकडेच राहिली. दर वर्षी ते तीन ओळींचं पान आलं, दर वर्षी कुण्या शिकाऊ पोराने खूण केली. मागच्या वर्षाची बाकी अधिक या वर्षाचा खर्च बरोबर या वर्षाची बाकी. बेरीज जुळायची. दर जुळायचा. कुणी खोल गेलं नाही.

यंदा आमच्या फर्मच्याच फाइली बाहेरचा माणूस तपासायला येणार होता. सर म्हणाले, "कराची पानं नीट लाव. तिथेच पकडतात."

म्हणून मी बाकी खालून वर बांधायला घेतली. मागच्या वर्षाची बाकी बघायचीच नाही. मशीनं घ्यायची. पुस्तकात त्यांची शिल्लक किंमत एकतीस कोटी, आयकराच्या तक्त्यात बावीस कोटी चाळीस लाख. फरक आठ कोटी साठ लाख. त्याला दराने गुणायचं. दोन कोटी सोळा लाख. त्यातून न दिलेल्या ग्रॅच्युइटीच्या नव्वद लाखांवरचा कर वजा करायचा, साडेबावीस लाखांच्या वर. उरले एक कोटी चौऱ्याण्णव लाख.

पुस्तकात होते एक कोटी एकोणीस.

पाऊण कोटी कमी. मी दोनदा केलं, तिसऱ्यांदा कागदावर हाताने केलं. मग ते तीन ओळींचं पान समोर घेतलं आणि त्याचा स्वच्छपणा दिसला. त्या वर्षी कंपनीला प्रदूषणाचा सहा लाख दंड झाला होता. समाजकार्याचे चौदा लाख दिले होते. थोरल्यांच्या बंगल्याचा चाळीस लाख खर्च आयकराच्या विवरणात नानांनी स्वतः, प्रामाणिकपणे, नफ्यात परत मिळवला होता. साठ लाख आयकराने न मानलेले. मग कर नफ्याच्या सत्तावीस टक्क्यांच्या वर लागायला हवा. इथे पंचवीस पूर्णांक एकशे अडुसष्ट, नेमके. हे होऊच शकत नाही.

कसं केलं ते लगेच दिसलं. नाना आधी चौथा हिस्सा आणि चिमूटभर काढायचे. त्यातून भरायचा खरा कर वजा करायचे. जे उरेल त्याला डिफर्ड टॅक्स म्हणायचे. मशीनशी, झिजेशी त्याचा काही संबंधच नाही. वर्षाला पंधरा लाख बोजा कमी, पाच वर्षांत पंचाहत्तर.

मला आनंद झाला. मी लपवणार नाही. रिक्षा केली आणि थेट एमआयडीसीत गेले.

नाना डबा खात होते. आता मला खुर्ची मिळायची. मी बसले आणि माझा कागद त्यांच्या भाकरीशेजारी ठेवला. त्यांनी वाचला. हात धुऊन आले, पुन्हा वाचला.

"एकदम खालून बांधलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं केलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, मला तीन महिने राहिलेत. शेठनी निवृत्तीनंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचा शब्द दिलाय. चौतीस वर्षांत माझ्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही. एक दिवस दे. घरी एक वही शे, ती आणतो. आपण दोघं मिळून पान करू, मीच सांगतो दोघा भावांना. चूक मी काढली असं होऊ दे. एवढंच."

त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पाऊण कोटी तेवढेच राहिले असते, मागच्या वर्षांची चूक म्हणून वेगळ्या ओळीत आले असते, पान दुरुस्त झालं असतं. एका दिवसाने ऑडिट अडत नव्हतं.

मी म्हणाले, "नाना, उद्या धुळ्याला मीटिंग आहे. आणि विचार करायची घाई मी केलेली नाही. पाच वर्षं घेतली."

त्यांना आठवलं की नाही, कळलं नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि जिथे माझा कागद होता तिथून टेबल पुसलं.

संध्याकाळी सरांना सांगितलं. सरांनी पाच वर्षांच्या फाइली मागवल्या. पहिल्या वर्षाचं पान काढलं. हिरवी खूण, खाली माझी अक्षरं. सरांनी त्यावर बोट ठेवलं, उचललं नाही.

"ही तू?"

"हो सर. तेव्हा आर्टिकल होते."

"सही माझी आहे," सर म्हणाले. "पाच वर्षं. नीट ऐक. हे आपल्याकडून सुटलेलं नाही. हे आपल्यापासून लपवलेलं आहे. फरक कळतो?"

"कळतो."

"मग उद्या तसंच बोल."

धुळ्याला सरांच्या गाडीतून गेलो. नाना एसटीने आले, मांडीवर कापडी पिशवी. धाकट्या शेठच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण. थोरले, धाकटे, सर, मी, आणि दाराजवळच्या खुर्चीत नाना. मी पान मांडलं. आठ कोटी, दर, त्यातून निघणारा कर, मग दंड, समाजकार्य, आणि चाळीस लाखांची ओळ.

धाकटे त्या ओळीवर थांबले. "हे चाळीस कसले?"

"आयकराने न मानलेला संचालकांचा वैयक्तिक खर्च," मी म्हणाले. "तुमचा काही नाही."

धाकटे भावाकडे वळले. "दर वर्षी?"

थोरले हसले. मग ते हसू तसंच ठेवून नानांकडे वळले. "काय हो नाना? हे पान मला कधी दाखवलंच नाही तुम्ही. उठा, वाचा. पाचही वर्षांचं वाचा. मोठ्याने. आम्हालाही कळू द्या तुम्ही काय काय शिजवलंत."

नाना उठले. पिशवीतून वही काढली. लांब, लाल कापडी बांधणीची, कडा झिजलेली. "शेठ, बठ्ठं बराबर शे," ते म्हणाले. "खरा आकडा मी दर वर्षी काढलेला आहे. बघा."

आणि वाचू लागले. पहिलं वर्ष, मशीनची पुस्तकी किंमत, आयकराची किंमत, फरक, दर, बाकी. मग दुसरं. पेनाने लिहिलेलं, एकही खाडाखोड नाही. शेवटच्या वर्षाची बाकी त्यांनी वाचली तेव्हा मी माझा कागद पाहिला. एक कोटी चौऱ्याण्णव लाख. शेवटच्या रुपयापर्यंत माझाच आकडा. माझ्याआधी लिहिलेला.

त्यांना वाटलं होतं ती वही त्यांना वाचवील. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

धाकटे म्हणाले, "म्हणजे तुम्हाला खरं माहीत होतं."

"हो शेठ."

"आणि आम्हाला खोटं पाठवलंत."

नाना थोरल्यांकडे पाहत राहिले. चौतीस वर्षं शेठनी बोलायची जशी वाट पाहिली, तशीच वाट पाहत.

"माझ्याकडे काय बघता?" थोरले म्हणाले. "मी सांगितलं होतं? कागद आहे? तारीख आहे? चूक झाली असती तर एक वेळ माफ केलं असतं. चुकणारा माणूस परवडतो. माहीत असून करणारा, आणि वर वही ठेवणारा?" ते भावाकडे वळले. "बघितलंत? घरात बसून वही भरत होता. कुणाला विकायची होती, देव जाणे."

नाना माझ्याकडे वळले. "ही होती तिथे," ते म्हणाले. "खोक्यावर बसलेली होती. हिने ऐकलंय. विचारा हिला. सांग ना बेटा. शेठ काय म्हणाले होते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर बघत नव्हते. ते पेनाचं टोपण फिरवत होते.

चौथा हिस्सा, वर चिमूटभर. मला त्या दिवशीच्या शेठच्या शर्टाचा रंगही आठवत होता. पण आठवतं म्हटलं की दुसरा प्रश्न येणार होता. मग खूण का केलीस? आणि तिसरा, सरांना.

मी म्हणाले, "तेव्हा मी आर्टिकल होते. व्हाउचर मोजत होते. मला काही आठवत नाही."

नानांनी मान हलवली, जणू एखादी बेरीज जुळली. वही मिटून पिशवीत घालू लागले, तेव्हा मी म्हणाले, "वही राहू द्या नाना. ऑडिटचा पुरावा म्हणून फाइलला लावावी लागेल." हे खरं होतं. लावावीच लागते.

त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली, आणि जिथे ठेवली ती जागा आधी शर्टाच्या बाहीने पुसली.

येताना सरांच्या गाडीत जागा होती. सरांनी नानांना विचारलं नाही. मीही नाही.

पुढचं सगळं नियमाने झालं. पाऊण कोटी मागच्या वर्षांची चूक म्हणून नफातोट्यात वेगळे दाखवले. भावाभावांत काय ठरलं ते ठरलं. चाळीस लाखांची ओळ छापली, पण 'इतर अमान्य खर्च' या नावाने, आणि धाकटे पुन्हा त्यावर बोलले नाहीत. थोरल्यांनी धुळ्याच्या जागेचं काहीतरी लिहून दिलं म्हणतात. आमच्या फाइलीत लिहिलं की व्यवस्थापनाने आम्हाला दिलेल्या माहितीनुसार लेखा विभागाच्या प्रमुखाने खरी आकडेमोड लपवून ठेवली होती. वाक्य मी लिहिलं. बाहेरचा तपासनीस आला, त्याने फाइल चाळली आणि सरांना म्हणाला, "बाकी खालून बांधायची पद्धत छान आहे तुमच्याकडे." सरांनी माझ्याकडे बोट केलं. दिवाळीनंतर त्यांनी मला भागीदार करून घेतलं. दारावरच्या पाटीवर आता माझं नाव आहे. वडील मुद्दाम सावद्याहून पाटी बघायला आले होते. हात लावून बघितली त्यांनी.

नानांना तीन महिने आधीच काढलं. निरोपाचा कार्यक्रम नाही, सल्लागारीचा शब्द नाही. शिपायाने सांगितलं, टेबलाचे खण त्याच्यासमोर रिकामे करायला लावले, खिशातली दोन पेनं स्टॉकमधली आहेत का तेही विचारलं. ते सांगताना शिपाई हसत होता. त्या दिवशी माझ्यावर हसला होता तोच.

एकदा ते मला नशिराबादच्या फाट्यावर दिसले. माझी गाडी सिग्नलला होती. मी काच खाली केली. त्यांनी पाहिलं, ओळखलं, आणि रस्ता ओलांडून गेले. घाई न करता.

नानांची ग्रॅच्युइटी मात्र थांबवता आली नाही. कायदा आहे. दोन-तीन पत्रं लिहायला लावून, पुढच्या वर्षात कधीतरी दिली. बारा लाख. पैसे दिले त्या वर्षी करात सूट मिळते, म्हणून स्थगित कराच्या पानावर त्याची ओळ येते. तरतूद बारा लाखांनी कमी, दर पंचवीस पूर्णांक एकशे अडुसष्ट, उलटवायची रक्कम तीन लाख दोन हजार सोळा.

शिकाऊ पोराने ते पान माझ्याकडे आणलं. मी लाल वही उघडली. ती अजून आमच्या कपाटात आहे, फाइल क्रमांकासकट. नानांच्या पद्धतीने, त्यांच्याच ओळींच्या क्रमाने, पुन्हा एकदा केलं. मशीन, फरक, दर, ग्रॅच्युइटी, बाकी. रुपयाला रुपया जुळलं.

मी हिरवं पेन घेतलं आणि खूण केली.